फाटकापाशी मांडलेला खेळ

जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेव्हा पाऊसही उघडलेला नसतो. ओल्या छत्र्या, नवे रेनकोट, दप्तरांना अजून न सुटलेला दुकानाचा वास, आणि त्या सगळ्यात आईच्या ओढणीला नाहीतर बाबांच्या पँटच्या खिशाला धरून आक्रोश करणारी तीन-साडेतीन वर्षांची मुलं. मी बालवाडीच्या छोट्या गटाला शिकवते. पहिल्या दिवशी वर्गात काय करायचं याचं नियोजन आम्ही ताई मंडळी मे महिन्यात करून ठेवतो. पण त्या दिवसाचं खरं काम वर्गात नसतं, फाटकापासून वर्गाच्या उंबऱ्यापर्यंतच्या पंधरा-वीस पावलांत असतं. त्या पंधरा-वीस पावलांनी मला जे शिकवलं, ते हे.

१. रडणाऱ्या मुलाला खेळायचं नसतं असं नाही, त्याला आत यायचं नसतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळल्यावर आम्ही पहिल्या दिवसाचे खेळ वर्गातून उचलले आणि पडवीत, फाटकाच्या समोर आणून मांडले. फाटकातून पाऊल टाकलं की डाव्या हाताला पाण्याचा पसरट टब, पुढे दोन बुटक्या पाटांवर कणकेचे गोळे, आणि भिंतीच्या कडेला झाडांच्या कुंड्या व छोटे तांबे. मुलाला दार ओलांडायचं नसतं, आईचा हात सोडायचा नसतो. आई उभी आहे, रस्ता दिसतो आहे, आणि तरीही हाताशी काहीतरी करण्यासारखं आहे, एवढंच त्याला दिसलं पाहिजे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत काम सुरू केलं, तेव्हा वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे पाहून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आपल्याकडच्या अंगणवाडीची कल्पना तिथली. आमची पडवी त्या मानाने अगदी लहान गोष्ट आहे, पण विचार तोच: मुलाला जिथे धीर वाटतो तिथपर्यंत आधी शाळेने जायचं. मग पाटावरचा गोळा दुसऱ्या दिवशी उंबऱ्याजवळ सरकतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर्गात. खेळ तोच राहतो, जागा तेवढी बदलते, आणि मूल त्या खेळामागे आत येतं.

२. मुलाचं रडं तोंडात दिसतं, पण बिलगणं हातांत असतं. म्हणून मी फाटकापाशी आधी हात बघते. घट्ट मुठी, वळलेली बोटं, ओढणीचा चुरगळा. त्या हातांना चित्र रंगवायला दिलं तर खडू खाली पडतो, कारण खडू धरायला बोटं सैल लागतात. त्यांना मुठीत धरण्याचं, पिळण्याचं, दाबण्याचंच काम हवं असतं. स्पंज यासाठी फार चांगला. एका टबातलं पाणी स्पंजात घ्यायचं आणि दुसऱ्या टबात पिळायचं, बस्स. यात बरोबर-चूक नाही, लवकर-उशिरा नाही, आणि पिळलं की लगेच पाणी पडतं, म्हणजे केल्याचं फळ त्याच क्षणी दिसतं. पाणी चार बोटांपेक्षा जास्त ठेवत नाही, आणि टबापाशी एक मोठं माणूस कायम बसलेलं असतं. एवढ्याशा पाण्यातही लहान मुलाला धोका असतो, म्हणून खेळ संपला की टब लगेच उपडा.

कणकेचंही तसंच. बाजारातली रंगीत माती आम्ही पहिल्या आठवड्यात काढतच नाही. रोज सकाळी पोळ्यांसाठी भिजवतो तशीच, पण जरा घट्ट कणीक भिजवतो, तेल चमचाभर, चिमूटभर मीठ, आणि थोडी हळद. पोरं ती तोंडात घालतातच, म्हणून मीठ जास्त नको, आणि जवळ बसून लक्ष ठेवायचं, कच्ची कणीक पोटात फार जाऊ द्यायची नाही. प्रत्येकाला लिंबाएवढा गोळा. मूल आधी तो नुसताच मुठीत आवळून धरतं, आईच्या ओढणीकडे बघत बघत. मग बोटांमधून कणीक वर येते ते त्याला दिसतं. मग दुसऱ्या हाताचा अंगठा त्यात रुततो. दुसरा हात ओढणीवरून सुटला तो त्या अंगठ्यासाठी. कणकेचा वास घरचा असतो, हेही यात असणार असं मला वाटतं. घरात आजी पोळ्या लाटताना जे मूल गोळा मागतं, त्याला इथे नवीन काही शिकायचं नसतं.

कुंडीला पाणी घालण्याचं काम मात्र वेगळ्या मुलांना लागू पडतं. काही मुलं स्वस्थ बसूच शकत नाहीत, रडता रडता फाटकाकडे धावतात. त्यांना बसवण्याचा प्रयत्न फुकट जातो. त्यांच्या हातात अर्धा भरलेला छोटा तांब्या दिला की धावणं आपोआप चालणं होतं, कारण पाणी सांडतं. नळापासून कुंडीपर्यंत, कुंडीपासून नळापर्यंत. पावसाळ्यात कुंड्यांना पाण्याची गरज नसते, म्हणून आम्ही त्या पागोळ्यांपासून दूर, पडवीच्या आतल्या बाजूला ठेवतो. मुलांना खोटं काम दिलेलं लगेच कळतं.

३. पहिल्या दिवशी सजावट जितकी जास्त, तितकं रडं जास्त. शाळांमध्ये प्रवेशोत्सव होतो. फुगे, तोरणं, ध्वनिक्षेपकावरची गाणी, कुठे कुठे अस्वलाचा नाहीतर माकडाचा पोशाख घातलेलं माणूस. पहिलीतल्या मुलांना त्याची मजा वाटते, त्यांच्यासाठी जरूर करावं. साडेतीन वर्षांच्या, आईला चिकटलेल्या मुलाच्या बाजूने बघा. अनोळखी बाई हातात तबक घेऊन, त्यात पेटतं निरांजन, आणि ते आपल्या तोंडाजवळ आणते आहे. फुगा फुटतो, एक मूल दचकून किंचाळतं आणि त्या किंचाळीने आणखी चार जण. रडं असं पसरतं हे बालवाडीतल्या प्रत्येक मावशीला ठाऊक आहे. आम्ही औक्षण ठेवलं आहे, पण ते पंधरा दिवसांनी, मुलांना ताईचा चेहरा ओळखीचा झाल्यावर. पहिल्या दिवशी आवाज फक्त पाण्याचा आणि माणसांच्या साध्या बोलण्याचा. शिवाय सगळी मुलं एकदम बोलावत नाही. तीन गट करतो, प्रत्येक गटाला पहिले काही दिवस पाऊण तास. आठ-नऊ मुलांमागे ताई आणि मावशी अशा दोघी राहतात, आणि रडणाऱ्या मुलाला शेजारी एक तरी न रडणारं मूल मिळतं. संस्थेच्या दृष्टीने हे वेळापत्रक गैरसोयीचं असतं, नोकरी करणाऱ्या पालकांच्या दृष्टीने तर फारच. तरी जिथे जमेल तिथे करावं असं माझं ठाम मत आहे, कारण पुढे त्यातून वेळ वाचतोच.

४. विचारपूस हीही मुलाला गर्दी वाटू शकते. "काय झालं बाळा? का रडतोस? तुझं नाव काय? डब्यात काय आणलंय?" या चार प्रश्नांत चार वेळा त्याला एका अनोळखी चेहऱ्याकडे बघावं लागतं. मला आश्चर्य वाटलं ते याचं की न बोलणारी मावशी मुलांना आमच्याआधी जवळची वाटायची. ती फक्त पाटावर बाजूला बसायची, तोंड मुलाकडे न करता, आणि स्वतःच्या गोळ्याच्या छोट्या छोट्या भाकऱ्या थापत राहायची. एक भाकरी झाली की ती मुलाच्या बाजूला ठेवायची, पुढची करायची. तिसऱ्या-चौथ्या भाकरीला मूल तिच्या हाताकडे बघायचं. आता आम्ही सगळ्याच असं बसतो. बोलायचं झालं तर प्रश्न नाही, समोर चाललेलं सांगायचं: "ही एक झाली. ही जरा मोठी झाली. हिला तवा नाही." उत्तर द्यायची सक्ती नसली की मूल कधीतरी आपणहून बोलतं. पहिलं वाक्य बरेचदा चूक दाखवणारं असतं. "अशी नाही करत, आई गोल करते." हे वाक्य ऐकलं की मला खात्री होते की हे मूल आता इथे आलं.

५. एका मुलाचं सविस्तर सांगते, कारण नियम सांगण्यापेक्षा ते उपयोगी पडेल. पिवळा रेनकोट घातलेला मुलगा, सोबत आजी. आई-बाबा दोघंही लवकर कामावर जायचे, त्यामुळे दिवसभर तो आजीकडेच. आजीला त्याने दोन्ही हातांनी कमरेला मिठी मारलेली, तोंड तिच्या लुगड्यात. आजींना गुडघेदुखी, त्यांना उभं राहवेना. "ताई, तुम्ही ओढून घ्या, मी निघते," असं त्या म्हणाल्या. आम्ही ओढत नाही. ओढून घेतलेलं मूल पुढच्या दिवशी फाटक दिसताच आधीपेक्षा घट्ट धरतं. आजींना पडवीत खुर्ची दिली, आणि कणकेचा पाट खुर्चीसमोर सरकवला. पहिल्या दिवशी गोळा आजींच्याच हातात दिला. त्या थापत राहिल्या, तो त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रेनकोटसकट बसला, रेनकोट काढू देईना. आम्ही काढला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आजींच्या हातातला गोळा घेतला. तिसऱ्या दिवशी आजी म्हणाल्या की पाणी पिऊन येते, आणि पडवीच्या दुसऱ्या टोकाला गेल्या, दिसतील अशा. तो उठला, रडला, दोन पावलं गेला, मागे वळून गोळ्याकडे पाहिलं. आजी परत आल्या. पाणी पिऊन येते म्हणाल्या आणि आल्या, हे त्याने पाहिलं. मग पुढच्या दिवशी त्या फाटकाबाहेर गेल्या, पाच मिनिटं. मग पंधरा. ज्या दिवशी त्या पाऊण तास गेल्या, त्या दिवशी त्याने रेनकोट स्वतः काढून खुंटीला लावला.

जर्मनीत पाळणाघरांसाठी बर्लिनची म्हणून एक पद्धत आहे, ती साधारण अशीच चालते. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर तासभर बसतात, वेगळं करण्याचा प्रयत्नच करत नाहीत. चौथ्या दिवशी निरोप घेऊन थोड्या वेळासाठी बाहेर जातात, जास्तीत जास्त अर्धा तास, आणि मूल शांत होत नसेल तर लगेच परत. मूल तिथल्या ताईकडून समजूत घालून घेतं का, यावर पुढची चाल ठरते. मूल रडलं की नाही हे तिथे महत्त्वाचं नसतं. रडू आल्यावर कुणाकडे वळलं, हे महत्त्वाचं. मी ही खूण फार मोलाची मानते. पिवळ्या रेनकोटवाला मुलगा पडवीत पडला, गुडघा खरचटला, आणि आजी समोर असताना आमच्या मावशीकडे गेला, तेव्हा आजींना आम्ही सांगितलं की उद्यापासून तुम्ही घरी थांबलात तरी चालेल. आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी परतताना त्यांनाही कुणीतरी सोबत लागणार होतं, हे आम्हाला तेव्हा जाणवलं.

६. आई गुपचूप निघून गेली की खेळ विषारी होतो. मूल स्पंज पिळण्यात रमलं, वळून बघतं तर आई नाही. त्यातून ते एकच गोष्ट शिकतं: रमलो की आई जाते. उद्या ते रमणार नाही, डोळा आईवर ठेवूनच बसेल. म्हणून निरोप उघड हवा, छोटा हवा आणि रोज तोच हवा. आमच्याकडे पालकांना आधीच सांगतो: गालाला गाल, एक वाक्य, आणि चालू लागा. वाक्यात वेळ घड्याळाची नको. "दहा मिनिटांत येते" याला साडेतीन वर्षांच्या मुलाकडे अर्थ नाही, आणि ते खरंही नसतं. पडवीच्या भिंतीवर मुलांच्या उंचीला आम्ही चार चित्रं लावतो: पाण्याचा टब, डबा, गोष्टीचं पुस्तक, चपला. प्रत्येक गोष्ट झाली की एक मूल त्या चित्रावर चिमटा लावतं. आईचं वाक्य ठरलेलं: "चपला आल्या की मी येते." रडत रडत भिंतीपाशी येऊन चपलांच्या चित्राला हात लावून जाणारी मुलं मी पाहिली आहेत. हे चालतं ते एकाच अटीवर, की चपलांच्या वेळी आई खरोखर फाटकापाशी उभी असते. पहिल्या दोन आठवड्यांत उशीर झाला तर सगळी घडी विस्कटते, म्हणून ज्यांना उशीर होण्याची शक्यता आहे त्यांना आम्ही वेळच पुढची देतो, मूल वाट बघत बसण्यापेक्षा ते बरं.

काही मुलांना आईचा रुमाल किंवा जुन्या ओढणीचा तुकडा दप्तरात लागतो. द्यावा. इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी अशा वस्तूंवर लिहिलं आहे, मूल त्यांच्या आधाराने आईपासून दूर जायला धजतं. एकच काळजी: तो घरून धुऊन पाठवू नये. धुतला की वास जातो, आणि मग तो नुसता रुमाल राहतो.

७. पहिल्या दिवशी न रडलेल्या मुलाची मला जास्त काळजी वाटते. ते हसत आत येतं, टबात हात घालतं, आईला टाटा करतं, पालक पेढे वाटल्यासारखे खूश. मग दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या सोमवारी ते फाटकाच्या गजाला धरून रडतं. पहिले दिवस जत्रेला आल्यासारखे गेलेले असतात, आता त्याला कळलेलं असतं की हे रोजचं आहे. पालक घाबरतात, शाळेत कुणी मारलं का विचारतात. त्यांना हे आधी सांगून ठेवलं तर बरं पडतं. त्या सोमवारी आम्ही टब आणि पाट पुन्हा पडवीत काढतो, जणू पहिला दिवस आहे. म्हणूनच पडवीतलं सामान आम्ही जुलैच्या अखेरीपर्यंत माळ्यावर ठेवत नाही. गणपतीच्या सुटीनंतर तर ते पुन्हा हमखास खाली काढावं लागतं.

पण त्याहून वेगळं असतं ते अगदी गप्प बसणारं मूल. रडत नाही, बिलगत नाही, खेळतही नाही. सांगितलेल्या जागी बसतं, डबा उघडत नाही, शू लागली तरी सांगत नाही. भल्या गर्दीत ते गुणी दिसतं. जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 साली ‘अ टू-इयर-ओल्ड गोज टू हॉस्पिटल’ हा लघुपट केला. दोन वर्षांची मुलगी आठ दिवस आईवाचून इस्पितळात राहते, आणि ती फारशी रडत नाही. तिचं शांत असणं म्हणजे रुळणं नव्हे, हे त्या लघुपटाने डॉक्टर-परिचारिकांना दाखवलं. इस्पितळातले आठ दिवस आणि बालवाडीतला पाऊण तास यांची बरोबरी होत नाही, पण गप्प मुलाकडे बघायची नजर मला तिथून मिळाली. अशा मुलाला पाणी-कणीक समोर ठेवून उपयोग होत नाही, ते हातच लावत नाही. त्याला आम्ही मावशीच्या हाताला लावून देतो, ती जाईल तिथे तेही. डबे मोजायला, चटया घालायला, घंटा द्यायला. दुसऱ्या मुलांमध्ये मिसळायची घाई नाही. एक दिवस ते रडतं, चांगलं मोठ्याने, आणि त्या दिवशी आम्हाला हायसं वाटतं.

८. किती दिवस थांबायचं, हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो. बहुतेक मुलांचं फाटकावरचं रडं दोन-तीन आठवड्यांत काही मिनिटांवर येतं. मी रडण्याच्या जोरापेक्षा त्याची लांबी बघते. मूल जोरात रडतंय पण आई वळणावर गेली की टबाकडे वळतंय, तर ते ठीक आहे. महिना उलटूनही ते दिवसभर रडत असेल, डबा परत जात असेल, घरी रात्री दचकून उठत असेल, सुटलेली अंथरुणातली शू पुन्हा सुरू झाली असेल, शाळेचं नाव काढताच उलटी होत असेल, तर खेळ बदलून काही होणार नाही. अशा वेळी पालकांशी बसून घरात काय चाललंय ते बोलावं लागतं. नवं भावंड, आजारपण, बदली, आणि शाळेतही कुणी त्रास देतंय का, हे सगळं. गरज वाटली तर बालरोगतज्ज्ञांकडे पाठवतो. काही मुलांना सहा महिने उशिरा शाळेत आणणं हाच उपाय असतो. ते सांगताना शाळेची एक फी बुडते आणि पालकांचा चेहरा उतरतो, तरी सांगावं लागतं.

९. संध्याकाळी मला पालकांचे फोन येतात की दिवसभर बरी होती, घ्यायला गेलो आणि मला बघताच रडायला लागली, तुम्ही खरं सांगता ना ताई? खरं सांगतो. तिने दिवसभर जे आवरून धरलेलं असतं ते आपल्या माणसापाशी सोडते. अशा वेळी "रडतेस कशाला, आलो ना" म्हणण्यापेक्षा दोन मिनिटं तिथेच पडवीत बसावं. म्हणून सुटायच्या वेळीही आम्ही एक पाट बाहेर ठेवतो, सकाळच्याच कणकेचा. आईने बसावं, मुलाने तिला दाखवावं की भाकरी कशी थापली. पाच मिनिटांत हात धुऊन मंडळी घरी जातात. पालकांना घाई असते, पण ज्या घरी हे जमलं त्या घरची मुलं दुसऱ्या दिवशी फाटकातून आल्यावर आधी पाटाकडे बघतात, असा माझा अनुभव आहे. उरलेली कणीक शेवटी गोठ्यातल्या गाईला जाते, आणि उद्यासाठी कोण पीठ आणणार ते मावशी आणि मी फळ्यावर लिहून ठेवतो.